पाडव्याची चिठ्ठी

आमच्या दुकानात ‘संपलं’ हा शब्द नव्हता. तांदळाचं पोतं रिकामं झालं की अण्णा म्हणायचे, ‘तांदूळ वाढले.’ रात्री फळ्या लावताना ‘दुकान बंद कर’ म्हटलं तर डोक्यात टपली बसायची. ‘दुकान वाढव’ असं म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. गिऱ्हाईक एखादी वस्तू मागायला आलं आणि ती नसली, तर ‘नाही’ म्हणायच्या आधी ‘उद्या येतीय’ म्हणायचं. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव, त्यात मारुतीच्या पाराला लागून आमचं किराणा दुकान. मी त्या दुकानात वजनं उचलण्याआधी ही भाषा शिकलो.

पाडव्याच्या चिठ्ठीची गोष्ट सांगायची तर या भाषेपासूनच सुरुवात करावी लागते.

चैत्री पाडवा हा आमच्याकडे साल बदलण्याचा दिवस. सालगड्याचं साल पाडव्याला भरायचं आणि नवं साल पाडव्यालाच ठरायचं. दुपारी मारुतीच्या पारावर गुरव पंचांग घेऊन बसायचे, संवत्सराचं नाव सांगायचे, पाऊस किती, धान्य कसं, ते वाचून दाखवायचे. त्याआधी आठवडाभर आमच्या दुकानात साखरेच्या गाठींच्या माळा टांगलेल्या असायच्या. गुढीला गाठी लागते, तशी लेकराच्या गळ्यातही लागते. ज्याच्या घरी गहू नसेल तोसुद्धा गाठीची एक माळ नेणारच. अण्णा ती माळ कागदात बांधायचे आणि पुडीत वरून एक चिठ्ठी ठेवायचे. ती पाडव्याची चिठ्ठी.

चिठ्ठी म्हणजे बोटभर लांबीचा जाड कागद. तालुक्याच्या छापखान्यात लग्नपत्रिका कापल्यावर ज्या पट्ट्या उरायच्या त्या अण्णा स्वस्तात घ्यायचे आणि त्यांच्यावरच कुंकवाच्या रंगाच्या शाईत छापून आणायचे. वर ‘॥ श्री ॥’. मधे चार ओळींची ओवी. खाली ‘चैत्र शुद्ध प्रतिपदा’ आणि शक. तळाला दुकानाचं नाव, बारीक अक्षरात. तीनशे चिठ्ठ्या पुरायच्या. लोक ती देवळीत ठेवत, कुणी चौकटीला खोचत. वर्षभरानं नवी आली की जुनी तुळशीत जायची. तिच्यावर देवाचं नाव होतं, म्हणून कुणी तिच्यात तंबाखू बांधत नसे.

ओवी अण्णाच लिहायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण पारायणं ऐकून कान तयार झालेला. बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायचे. पहिल्या तीन ओळी आठ-आठ अक्षरांच्या, तिघींचं यमक सारखं, आणि चौथी ओळ चार अक्षरांची. जोडाक्षर एकच धरायचं. ओवीला एवढं बंधन नसतं, पण अण्णांचं म्हणणं होतं, चिठ्ठीत जागा तेवढीच आहे आणि चौथीतल्या पोराचा दमही तेवढाच आहे. कारण चिठ्ठी वाचणार कोण? घरातलं शाळेत जाणारं लेकरू. बाकीचं घर ती ऐकणार. एका सालची त्यांची ओवी मला पाठ आहे:

आली चैत्राची पालवी,
दारी गुढी ही मिरवी,
घर दाण्याने भरवी
हा पाडवा.

तेव्हा मला हे फार साधं वाटायचं. मी तालुक्याला अकरावीत होतो. वृत्तं शिकलो होतो, श्लेष शिकलो होतो. एका शब्दाचे दोन अर्थ काढता आले की कविता झाली, असं माझं मत होतं. मी एकदा अण्णांना म्हणालो, ‘यात काहीच चमत्कार नाही.’ ते गूळ फोडत होते. म्हणाले, ‘चिठ्ठीत चमत्कार नसावा. चिठ्ठीत साखर असावी.’

१९८६ साली चिठ्ठी लिहायचं काम माझ्यावर आलं.

त्या साली पाडवा १० एप्रिलला होता. अण्णा माल भरायला बार्शीला गेले, तिथून आत्याच्या दुखण्याचा निरोप आला म्हणून तसेच पुढे तिच्या गावी गेले. जाताना म्हणाले होते, ‘गुरुवारी पाडवा पुढला. चिठ्ठी तू लिव्ह. शक नीट बघ. छापायच्या आधी मी आलो तर वाचून दाखव, नाही आलो तर गुरवाला दाखव.’ मी हो म्हणालो आणि गुरवाला काही दाखवलं नाही. त्यांना श्लेष कळणार नाही, असं मला वाटलं होतं.

शकापासून सुरुवात केली. संवत्सराचं नाव काढायची रीत अण्णांनीच शिकवली होती. साठ संवत्सरं, प्रभवपासून क्षयापर्यंत, एकामागून एक. शकाच्या आकड्यात बारा मिळवायचे, साठाने भागायचं आणि बाकी उरेल तितकं नाव मोजायचं. नर्मदेच्या दक्षिणेला आपल्याकडे ही रीत चालते. मी पाटीवर मांडलं. शके १९०८. त्यात बारा मिळवले, १९२० झाले. साठाने भागले, भाग बत्तीस वेळा गेला आणि बाकी काहीच उरली नाही. बाकी शून्य म्हणजे साठावं नाव. साठावं नाव क्षय.

ही साखळीच तशी होती. आधीची नावं बघा: शके १९०२ रौद्र, १९०३ दुर्मती, मग दुंदुभी, त्याच्यापुढं रुधिरोद्गारी, रक्ताक्षी, क्रोधन आणि शेवटी क्षय. एक दुंदुभी सोडला तर सात वर्षांत गिऱ्हाइकाच्या पुढीत घालण्यासारखं नाव नाही. अण्णांनी या सगळ्या वर्षांत एक साधी युक्ती केली होती. ते आकडा छापायचे, नाव छापायचे नाहीत. नाव पारावर गुरव सांगतील. पंचांग सांगणं त्यांचं काम आहे. दुकानदाराचं काम निराळं. एका साली कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, ‘क्रोधन आहे तर लिहा की, शत्रूवर क्रोध होवो.’ अण्णा म्हणाले, ‘ऐकणारा पहिला शब्द ऐकतो. दुसऱ्या शब्दाला तो थांबत नाही.’

एवढं मला ठाऊक होतं, म्हणून क्षय हा शब्द मी टाळला. पण पाटीवरची ती ‘बाकी शून्य’ मला सोडवेना. साठ वर्षांचं चक्र पुरं झालं, बाकी शून्य, पुढल्या साली पुन्हा पहिल्यापासून प्रभव. काय सुंदर योग! शिवाय ‘पान’ या शब्दाला दोन अर्थ: लिंबाचं पान आणि वहीचं पान. मी रात्री कंदिलापाशी बसून लिहिलं:

चैत्र आला अंगणात,
गुढी उभी ती डौलात,
बाकी शून्य या सालात,
नवे पान.

आठ, आठ, आठ, चार. यमक जुळलेलं. एकाच ओवीत पंचांग, निसर्ग आणि दुकान. मी ती सात-आठ वेळा वाचली आणि मला झोप आली नाही.

छापखान्यात खिळे जुळवणारे मामा होते. डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हातानं केसमधले खिळे न बघता उचलायचे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, सगळं उलटं आणि तरी ते सरळ वाचत असत. दोन ओळी भराभर जुळवल्या आणि तिसरीला त्यांचा हात थांबला.

‘हे अण्णांनी बघितलंय का?’

‘बघितलंय की.’

‘लग्नाची, बारशाची, पाडव्याची छपाई करून माझा जलम गेला. शुभाच्या कागदात शून्य जुळवल्याचं मला आठवत नाही.’

‘ते गणितातलं शून्य आहे, मामा.’

त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं, बाकी काही बोलले नाहीत. ओळ जुळवली. प्रूफ काढून माझ्या हातात दिलं. त्या वेळी मला खरं बोलता आलं असतं. एक ओळ सोडवून दुसरी बसवायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. फर्मा एकदा ट्रेडलवर चढला, रूळ शाई फिरवू लागले, पाय चालू झाला आणि तीनशे चिठ्ठ्या तासाभरात माझ्यापुढे पडल्या.

शुक्रवारी मी त्या पुड्यांत घालायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत सव्वाशेच्या आसपास गेल्या. वरच्या आळीतली एक आजी शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी गाठी घेऊन गेली. म्हातारी, मुलगा आणि सून रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलेले, नातू तिसरीत. दोन सालं पाऊस धड नव्हता. तिच्या नावावर आमच्या वहीत १३२ रुपये होते. गोठ्यात एक शेळी, गाभण.

शनिवारी तालुक्याचा बाजार. शनिवारी रात्री अण्णा परत आले, दमलेले, जेवून झोपले. रविवारी सकाळी दुकानाच्या फळ्या काढतोय तोवर ती आजी पायरीवर बसलेली. पदराची गाठ सोडून तिनं नोटा फळीवर ठेवल्या. घामानं ओल्या झालेल्या, दहाच्या, पाचच्या, दोनच्या.

‘मोजून घ्या अण्णा. एकशे बत्तीस हायेत. पुसून टाका नाव.’

अण्णांनी नोटांना हात लावला नाही. ‘आजी, कुणी मागितले तुला?’

‘तुम्हीच की. चिठ्ठी धाडली न्हवं? नातवानं वाचली. बाकी शून्य करा, मगच नवं पान. म्या म्हनलं, खरं हाय त्यांचं. पाडव्याच्या आत द्यावं.’

‘पैसे कुठून आणले?’

‘शेळी दिली बाजारात. एकशे साठ आले.’

मी आत गुळाच्या ढेपेमागे उभा होतो. गाभण शेळी, महिन्यादीड महिन्यात व्यायली असती. गरजेपोटी बाजारात आणलेलं जनावर व्यापारी लांबूनच ओळखतो; त्यानं काय भाव दिला असेल ते मला कळत होतं. आमच्या वहीत प्रत्येक घराला एक पान होतं. जुनी बाकी चुकती झाली की त्या घराचं नवं पान उघडायचं, ही दुकानाची रीत गावात सगळ्यांना ठाऊक. मी कवितेतलं पान लिहिलं होतं. तिनं वहीतलं पान ऐकलं. आणि तिचं ऐकणं चुकीचं नव्हतं. किराणा दुकानातून आलेल्या कागदावर ‘बाकी’, ‘शून्य’ आणि ‘पान’ हे तीन शब्द एकत्र आले तर दुसरं काय ऐकायचं?

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एक उचलली, वाचली आणि उलटी करून गादीखाली ठेवली. मग आजीला म्हणाले, ‘घरी आलेली लक्ष्मी मी माघारी लावत नाही. पण ही मी मागितलेली नव्हे. यातला सव्वा रुपया मी शकुनाचा म्हणून जमा करतो. बाकीचे तुझे तू घेऊन जा. कुणाकडं तरी करडू मिळतंय का बघ.’ ती तयार होईना. एकदा दिलेले पैसे परत घेतले तर लोक काय म्हणतील, म्हणाली. शेवटी तिच्याच हट्टानं पन्नास रुपये जमा झाले आणि उरलेले तिनं पुन्हा पदरात बांधले. जाताना मला म्हणाली, ‘तू लिव्हलीस व्हय? चांगलं लिव्हतूस.’ ती मनापासून म्हणाली, तेच मला सहन झालं नाही.

तोवर दुसरी लाट आली. खालच्या आळीतले एक आबा, तीनशेच्या पुढं उधारी, हसत हसत आले. हातात चिठ्ठी. ‘मालक, देवमाणूस तुम्ही! दुष्काळ बघून बाकी शून्य केली. हॉटेलात सगळ्यांना सांगून आलो.’ त्यांच्या मागं आणखी दोघं. एकाच ओळीनं एका घरची शेळी विकायला लावली आणि दुसऱ्या घराला माफीची पावती दिली. श्लेष तो हाच, दोन्ही अर्थ गावात चालत फिरत होते.

अण्णा त्यांना एवढंच म्हणाले, ‘चिठ्ठी पोरानं लिहिलीय, खातं मी लिहितो. बसा, चहा घ्या.’ आबांचं हसू मावळलं. ते रागावले नाहीत, पण चहा न घेता गेले. अण्णांना आबांची उधारी माफ करायची ऐपत नव्हती. बार्शीच्या व्यापाऱ्याचं देणं आमच्याही डोक्यावर होतं. पण चारचौघांत माफीचा आनंद सांगून आलेल्या माणसाला मागं फिरवणं त्यांना जड गेलं, ते दिसत होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मला समोर बसवलं. ओरडले नाहीत. चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘तिसरी ओळ एकटी वाच. वरची खालची हातानं झाक.’

मी वाचली. ‘बाकी शून्य या सालात.’

‘काय ऐकू आलं?’

मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. या सालात बाकी शून्य. या सालात काही उरायचं नाही. कणगीत नाही, आडात नाही, गोठ्यात नाही. क्षय हा शब्द मी मोठ्या शहाणपणानं टाळला होता आणि त्याचाच अर्थ घरोघर पोचवला होता, तोही दुष्काळाच्या साली, गाठीच्या माळेबरोबर.

‘चिठ्ठी कुणी सगळी ऐकत नाही,’ अण्णा म्हणाले. ‘चुलीपुढं बाई भाकरी थापत असती, लेकरू वाचत असतं, मधेच म्हैस ओरडती. तिच्या कानात एक ओळ पडती. म्हणून एकेक ओळ तोडून ऐकायची. प्रत्येक ओळ एकटी शुभ पाहिजे. आणि ऐकताना आपण आपल्या कानानं ऐकायचं नाही. ज्याच्याकडं आपले पैसे आहेत त्याच्या कानानं ऐकायचं. ज्याच्या घरी औंदा काही अशुभ झालं त्याच्या कानानं ऐकायचं. मग छापायचं.’

मग त्यांनी मला त्यांच्या जुन्या ओव्या दाखवल्या, वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या, खोडाखोडीसकट. तेव्हा कळलं की साध्या दिसणाऱ्या ओळीत किती शब्द गाळलेले होते. कडुलिंबाशिवाय पाडवा नाही, पण त्यांच्या एकाही ओवीत ‘कडू’ नव्हतं. ‘लिंबाचा मोहर’ होता. ‘दुःख जावो’ लिहून खोडलेलं होतं, कारण जाणारं असलं तरी दुःखाचं नाव घरात शिरतंच. ‘देवो’ हा शब्द एका साली खोडून ‘नांदो’ केला होता. मी विचारलं, का? ते म्हणाले, ‘दुकानदारानं देणं-घेणं हे शब्दच चिठ्ठीत आणू नयेत. मी ‘देव देवो’ लिहिलं तरी लोकांना ‘तू दे’ ऐकू येतं.’

उरलेल्या पावणेदोनशे चिठ्ठ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. वर ‘श्री’ होता, म्हणून जाळता येत नव्हत्या. तिसऱ्या ओळीवर काळी पट्टी छापून आणू, असं मी सुचवलं. अण्णा म्हणाले, ‘शुभाच्या कागदावर काळं फासतोस?’ शेवटी त्यांनी ठरवलं, चिठ्ठ्या नदीच्या डोहात सोडायच्या आणि पाठकोऱ्या पट्ट्या घरात होत्या त्यांच्यावर हातानं लिहायचं. आणि त्याआधी, ज्या सव्वाशे घरी चिठ्ठी गेलीय, त्यातल्या वहीत नाव असलेल्या प्रत्येक घरी मी जाऊन यायचं. काय सांगायचं तेही त्यांनी सांगितलं: ‘ही चिठ्ठी मागणीची नाही आणि माफीचीही नाही. पाडव्याची आहे.’

सोमवार आणि मंगळवार मी गावभर फिरलो. बहात्तर घरं. त्या दोन दिवसांत मी कवितेविषयी जे शिकलो ते तालुक्याच्या कॉलेजात शिकलो नव्हतो. काही घरांत चिठ्ठी कुणी वाचलीच नव्हती, नुसती देवळीत ठेवली होती. काही घरांत ती माझ्याकडूनच वाचून घेतली, आणि ती तिसरी ओळ दारात उभं राहून मोठ्यानं वाचताना माझी जीभ जड व्हायची. एका घरात बाई म्हणाली, ‘आमी बी कायतरी इकायच्याच बेतात व्हतो.’ त्यांच्याकडे विकण्यासारखं काय होतं ते मी विचारलं नाही.

मंगळवारी रात्री मी आणि अण्णा नवी ओवी करायला बसलो. मी ओळी म्हणायचो, ते ऐकायचे. ‘गुढी’ आली, ‘मोहर’ आला. तिसऱ्या ओळीत मी ‘धान्य नांदो’ म्हटलं. ते म्हणाले, औंदा धान्य नाही हे सगळ्यांना दिसतंय, उगाच खोटं वाटेल. ‘गोडी’ म्हण. ती गरिबाच्या घरीही नांदू शकती. शेवटची चार अक्षरं मी ‘सालभर’ अशी बसवली. त्यांनी पेरं मोजली, चार भरली, पण मान हलवली. ‘सालभर म्हणजे पुढल्या साली काय? शुभाला कुंपण घालू नये.’ मग ओवी अशी झाली:

गुढी शोभो तुम्हां दारी,
मोहर लिंबाच्या वरी,
गोडी नांदो घरोघरी
सर्वकाळ.

मी एकेक ओळ हातानं झाकून वाचली. आजीच्या कानानं वाचली, आबांच्या कानानं वाचली. कुठं काही टोचलं नाही. बुधवारी दिवसभर मी लाल शाईनं चिठ्ठ्या लिहिल्या. बोटं दुखली. लिहिता लिहिता ‘शके १९०८’ आलं की थांबायचो, आणि नाव न लिहिता पुढे जायचो. पाडव्याला पारावर गुरवांनी पंचांग उघडलं आणि संवत्सराचं नाव सांगितलं, तेव्हा लोकांत थोडी कुजबुज झाली. आमच्या चिठ्ठ्या तोवर घरोघरी चौकटीला लागल्या होत्या.

त्या आजीची शेळी परत आली नाही. उरलेल्या पैशांत करडू घेतलं, ते पावसाळ्याच्या आधीच गेलं. तिच्या वहीच्या पानावर ‘शेळी’ असा शब्द कुठंच नव्हता, नुसते ‘जमा ५० रुपये’ होते. अण्णा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. ते पान मी कधी कधी उघडतो. माझ्या छापलेल्या पहिल्या कवितेचं मोल तिथं माझ्या वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि ते माझ्याकडून फिटलेलं नाही.

पुढल्या साली, शके १९०९ला, बाकी एक आली. पहिलं संवत्सर, प्रभव. प्रभव म्हणजे उगम. अण्णांनी त्या साली कधी नव्हे ते संवत्सराचं नाव शकाच्या शेजारी छापायला दिलं आणि छापखान्यातल्या मामांना सांगितलं, ‘जरा मोठ्या खिळ्यात घ्या.’

आता दुकान पुतण्या चालवतो. गाठी प्लास्टिकच्या पिशवीत येतात आणि चिठ्ठी मोबाइलवर जाते. यंदा पाडव्याच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला. ‘काका, चार ओळी द्या. कॅलेंडरात संवत्सराचं नाव बघितलं, ते कसं टाकू?’ मी कागदावर मांडलं. शके १९४८. बारा मिळवले, १९६०. साठाने भागले, बाकी चाळीस. चाळिसावं नाव पराभव.

मी त्याला म्हणालो, ‘आकडा टाक. नाव पंचांगवाले सांगतील.’

‘आणि ओवी?’

ओवी मी सांगितली. ती त्यानं लिहून घेतली, आणि छान आहे, लगेच पाठवतो, म्हणाला. मी म्हटलं, थांब. आधी ती तुझ्या काकूला मोठ्यानं वाचून दाखव. एकेक ओळ तोडून. आणि ज्यांच्याकडं तुझी बाकी आहे, त्यातलं एक घर डोळ्यांपुढं आण आणि मग ऐक.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, दुसऱ्या ओळीत ‘भरो’ आहे. ते ‘फुलो’ करू का?’

मी पेरं मोजली. अक्षरं तेवढीच होती. म्हणालो, ‘कर.’